मटारच्या तीन पिशव्या

जानेवारीत बेळगावच्या बाजारात मटारचे ढीग लागतात. भाजीवाली ‘हसी बटाणी’ म्हणून कानडीत ओरडते, आम्ही मराठीत भाव करतो आणि पाच किलो आणायला गेलेला माणूस दहा किलो घेऊन घरी येतो. दहा किलो शेंगा सोलल्या की दाणे भरतात चार किलोच्या आसपास. ते उकळत्या पाण्यातून काढून फ्रीझरमध्ये पावसाळ्यापर्यंत टिकवायचे, हा टिळकवाडीतल्या आमच्या घरचा दरवर्षीचा उद्योग. यंदा त्यात लेकीनं पुण्याहून आणलेल्या व्हॅक्यूम सीलरची भर पडली. पिशवीतली हवा ओढून घेऊन तापलेल्या पट्टीनं तिचं तोंड चिकटवणारं हे यंत्र. जाऊबाईंचं म्हणणं असं, की हवाच काढल्यावर दाणे उकळायची कटकट कशाला? मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे वाद घालण्याऐवजी अर्ध्या अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या भरल्या.

पहिल्या पिशवीत कच्चे दाणे, हवा काढून. दुसरीत उकळत्या पाण्यातून काढलेले दाणे, पण साध्या झिपच्या फ्रीझर बॅगेत. तिसरीत उकळलेले दाणे आणि हवाही काढलेली. तिन्ही एकाच कप्प्यात ठेवल्या आणि जूनमध्ये उघडल्या.

बाहेरून बघताना पहिली पिशवी देखणी होती. प्लास्टिक दाण्यांना घट्ट चिकटलेलं, आत बर्फाचा कण नाही. उघडली आणि ओल्या कडब्याचा वास आला. दाण्यांचा रंग शेवाळी झालेला, शिजवल्यावर चव किंचित कडसर. दुसऱ्या पिशवीत हिमाचा चुरा साठला होता आणि कडेचे काही दाणे सुरकुतून पांढरट पडले होते, पण आमटीत टाकले तर ते मटारच लागले. तिसरी पिशवी अर्थातच सरस. म्हणजे हवा काढलेले कच्चे दाणे हे हवेतल्या उकळलेल्या दाण्यांपुढे हरले. जाऊबाई म्हणाल्या, “यंत्र बिघडलंय काय की!” यंत्र बिघडलं नव्हतं. त्याचं कामच वेगळं आहे.

मटारचा दाणा म्हणजे बी. शेंगेतून काढला तरी त्याच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइमं, कामावरच असतात. त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं विकर दाण्यातल्या स्निग्धांशाचं ऑक्सिडेशन करतं आणि त्यातून तो कडब्यासारखा वास येतो. दुसरी काही विकरं हरितद्रव्य मोडतात, आणि त्यांना ऑक्सिजन लागतच नाही. उणे १८ अंशांना सगळं थांबतं असं आपल्याला वाटतं, पण दाण्यातलं थोडं पाणी तिथंही गोठत नाही आणि त्या दाट रसात विकरं रेंगाळत का होईना, काम करतात. शिवाय घरगुती यंत्र सगळी हवा काढू शकत नाही. दाण्यांच्या आत विरघळलेला ऑक्सिजन तर तसाच राहतो. विकरं मोडायची तर उष्णताच हवी.

त्याची रीत अशी. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळ उकळायचं आणि एका वेळी अर्धा किलोच दाणे टाकायचे. मिनिटभरात पाणी पुन्हा उकळायला लागलं पाहिजे. नाही लागलं तर दाणे जास्त झाले असं समजायचं. पुन्हा उकळी आल्यापासून दीड मिनिट मोजायचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे आमचं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, पण एवढ्या फरकासाठी वेळ वाढवायची गरज नाही. दीड मिनिट झालं की दाणे थेट बर्फाच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर आतल्या उष्णतेनं ते शिजत राहतात. गार झाले की निथळून सुती पंचावर पसरायचे आणि खरोखर कोरडे होऊ द्यायचे. मग ताटात एकेरी थरात दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवायचे. दाणे सुटे आणि दगडासारखे टणक झाले की पिशवीत भरायचे. मऊ दाण्यांवर यंत्र चालवलं तर बाहेरच्या हवेचा दाब त्यांना चेपून टाकतो.

मग यंत्र नेमकं काय करतं? दुसऱ्या पिशवीतले ते पांढरट दाणे आठवा. बर्फ न वितळताही थेट वाफ होतो, हिवाळी प्रदेशात दोरीवरचे गोठलेले कपडे वाळतात तसा. पिशवीत मोकळी जागा असली की दाण्यातला बर्फ वाफ होऊन त्या जागेत येतो आणि पिशवीच्या थंड भिंतीवर हिम होऊन बसतो. दाणा मात्र कोरडा, चिवट होतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हे जास्त होतं, कारण बर्फ साचू नये म्हणून तिथं ठरावीक वेळानं गरम पट्टी चालते आणि तापमान वरखाली होत राहतं. प्लास्टिक पदार्थाला चिकटलेलं असलं तर वाफेला जायला जागाच उरत नाही. दुसरं काम स्निग्ध पदार्थांसाठी. काजू, सुकं खोबरं, मटण, मासळी यांतलं तेल ऑक्सिजननं खवट होतं, आणि इथं पिशवीचा कागद कुठला हे महत्त्वाचं ठरतं. साधं पॉलिथिन ओलावा अडवतं, पण ऑक्सिजनला हळूहळू वाट देतं. व्हॅक्यूमच्या पिशवीत नायलॉनचा थर असतो, तो ऑक्सिजनला अडवतो. खानापूरकडचे काजू वर्षभरासाठी घेणाऱ्यांनी यंत्र घ्यावं, असं मी बिनदिक्कत सांगेन. नुसत्या मटारसाठी झिपची पिशवी पुरते. ती भरून, तोंडाचा एक कोपरा उघडा ठेवून हळूहळू पाण्याच्या बादलीत बुडवा. पाण्याचा दाब हवा बाहेर ढकलतो, मग तोंड पाण्याच्या वर असतानाच झिप बंद करा.

यंत्र हवा कोपऱ्याकोपऱ्यातून ओढू शकावं म्हणून त्याला आतून जाळीदार उठाव असलेली पिशवीच लागते, गुळगुळीत चालत नाही. पदार्थाच्या वर चार बोटं जागा सोडा. चिकटलेली पट्टी उजेडात धरून बघा: सलग आणि पारदर्शक दिसली पाहिजे. सुरकुती किंवा पांढुरका ठिपका दिसला तर तिथं पाण्याचा थेंब अडकलाय. माझ्या निम्म्या पिशव्या सुरुवातीला अशाच फसल्या. तासाभरात ढिली पडणारी पिशवी पुन्हा चिकटवावी लागते.

शिजवलेल्या पदार्थांची गंमत मला मटणाच्या रश्श्यानं शिकवली. रस्सा पुरता निवला नव्हता, म्हटलं चालतंय. यंत्र सुरू केलं आणि पिशवीत रस्सा उकळायला लागला, गॅस नाही, शेगडी नाही. फेस वर चढला आणि यंत्राच्या तोंडात गेला. कारण साधं आहे: दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. पिशवीतला दाब बाहेरच्या पाचव्या हिश्श्यावर आला, तर पाणी ६० अंशांच्या आतच उकळतं. आता मी रस्सा आधी चौकोनी डब्यात गोठवते, त्याची वीट काढते आणि विटेला हवाबंद करते.

वीट मात्र पातळ हवी. जाडी दुप्पट झाली की गोठायला लागणारा वेळ दुपटीहून जास्त वाढतो, कारण उष्णतेला जास्त अंतर कापून बाहेर यावं लागतं. हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाडतात आणि वितळल्यावर सगळं पाणचट होतं. दोन-तीन सेंटिमीटर जाडीची सपाट वीट लवकर गोठते आणि वितळतेही लवकर. बटाटा मात्र काढून ठेवावा, तो फ्रीझरमध्ये स्पंजासारखा होतो. दह्याची कढी फाटते. उसळ, आमटी, रस्सा महिनाभर छान राहतात.

आता भीतीची गोष्ट, कारण यंत्राच्या जाहिरातीत ती नसते. हवा काढल्यावर बहुतेक जंतूंचं वाढणं मंदावतं, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला ऑक्सिजन नसलेलीच जागा लागते. त्याचे बीजाणू उकळण्यानं मरत नाहीत आणि त्याचं विष वासावरून कळेलच असं नाही. त्याच्या काही जाती तीन-चार अंशांनाही, म्हणजे फ्रीजच्या खालच्या कप्प्यातही हळूहळू वाढतात. म्हणून हवा काढलेलं शिजवलेलं अन्न ओट्यावर अजिबात ठेवू नका, फ्रीजमध्येही आठवडा काढू नका, सरळ फ्रीझरमध्ये टाका. लसणाच्या पाकळ्या तेलात घालून हवाबंद करणं तर नकोच. गोठलेली पिशवी वितळायला काढताना आधी तोंड कापा, मग फ्रीजमध्ये ठेवा. शिजवलेल्या अन्नाची फुगलेली पिशवी उघडून वास घेत बसू नका, टाकून द्या. कच्च्या कोबी-फ्लॉवरची पिशवी मात्र फुगू शकते, कारण त्या भाज्या स्वतःच वायू सोडतात.

फ्रीझर खरोखर किती थंड आहे, हेही एकदा बघून घ्या. दारावरच्या स्टिकरवरचे तारे विजेच्या बचतीचे असतात. फ्रीझरच्या कप्प्यावर वेगळे तारे छापलेले असतील तर ते थंडाव्याचे: एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका ताऱ्याच्या कप्प्यात अन्न आठवडाभरासाठीच ठेवावं, मग पिशवी कसलीही असो.

जूनच्या पहिल्या वादळात आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती. आम्ही फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. बर्फ वितळला की नाणं खाली जातं आणि वीज आल्यावर पुन्हा गोठलं तरी तिथंच अडकतं, म्हणून आपण घरी नसतानाही कळतं. नाणं तळाशी सापडलं तर मटणाचा मोह सोडायचा. सकाळी दार उघडून पाहिलं, नाणं वरच होतं, बाजूला पाण्याची एक रेघ. पिशव्या चाचपल्या, आतले दाणे अजून खडखडत होते. दार पुन्हा लावलं आणि वीज येईपर्यंत उघडलं नाही.