‘बेस्ट बिफोर’कडून ‘एक्सपायरी’कडे : खाद्यपदार्थांच्या ऑनलाइन नोंदींमागील नियमांची पार्श्वभूमी

भारतात पाकिटबंद अन्नावर काय छापावे, हे ठरवणारे पहिले देशव्यापी नियम 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आणि त्याखाली 1955 मध्ये झालेल्या नियमावलीतून आले. त्या काळात लेबलकडे भेसळ पकडण्याचे साधन म्हणून पाहिले जात होते. ग्राहकाला माहिती देणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. त्या वळणाचे अवशेष अजूनही दिसतात, परंतु आज घरगुती चिवडा किंवा चटणी ऑनलाइन विकणाऱ्यास ज्या नियमांशी गाठ पडते, ते मुख्यतः 2006 चा अन्नसुरक्षा कायदा, 2011 चे लेबलिंग नियम आणि त्यांची जागा घेणारे 2020 चे नियम यांतून घडलेले आहेत.

या सगळ्यांत सर्वाधिक गुंता झाला तो तारखेच्या शब्दांचा. 2011 च्या नियमांखाली ‘बेस्ट बिफोर’ हा शब्द बहुतेक पाकिटांवर पुरेसा होता आणि ‘पॅकिंगपासून चार महिन्यांपर्यंत उत्तम’ असे लिहून उत्पादक मोकळा होत असे. नोव्हेंबर 2020 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी हे चित्र उलटवले. उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्सपायरी’ अथवा ‘यूज बाय’ या दोन गोष्टी अनिवार्य झाल्या, तर ‘बेस्ट बिफोर’ ही ऐच्छिक, जोडीने देता येणारी माहिती उरली. नियमांतील व्याख्याच या दोन शब्दांत मोठे अंतर ठेवतात. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटली तरी पदार्थ खाण्यास पूर्णपणे सुरक्षित असू शकतो, फक्त त्याचा दर्जा कमी झालेला असू शकतो. ‘एक्सपायरी’ उलटल्यावर मात्र तो विकताच येत नाही.

आता हे अंतर पातळ पोह्यांच्या चिवड्याला लावून पाहावे. चिवडा बिघडतो तो दोन कारणांनी. पाकिटात ओलावा शिरला की पोहे मऊ पडतात, आणि तेल, शेंगदाणे व सुके खोबरे यांतील स्निग्धांश हवेशी संयोग पावून खवट होतो. दोन्ही बिघाड हळूहळू येतात, जिभेला व नाकाला आधी कळतात आणि ठराविक दिवशी पदार्थ धोकादायक झाला असे सहसा घडत नाही. अशा पदार्थासाठी ‘बेस्ट बिफोर’ हाच प्रामाणिक शब्द होता. ताजे पनीर किंवा पाश्चराइज केलेले दूध यांच्यासाठी ‘यूज बाय’ योग्यच आहे, पण कोरड्या फराळालाही तीच अट लावल्याने उत्पादकाला ‘खवट होण्याची शक्यता’ या अंदाजाला ‘विक्रीस मनाई’ या तारखेचे रूप द्यावे लागते. निर्णयाच्या बाजूने असे म्हटले गेले की दोन शब्दांत ग्राहकांचा गोंधळ होत होता आणि दुकानदार ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला माल निर्धास्तपणे विकत होते. हा मुद्दा खोटा नाही. तरीही, त्यावर उपाय म्हणून कोरड्या आणि नाशवंत पदार्थांमधला फरकच पुसणे हे फारसे नेमके पाऊल वाटत नाही. विसंगती अशी की, त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून मिठाईच्या दुकानांत सुट्या मिठाईच्या ताटापुढे ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे सक्तीचे झाले होते. म्हणजे खव्याच्या पेढ्याला ‘बेस्ट बिफोर’ आणि चिवड्याच्या पाकिटाला ‘एक्सपायरी’.

ऑनलाइन नोंदीत, म्हणजे विक्रीच्या संकेतस्थळावर पदार्थाची माहिती देणाऱ्या पानावर, या तारखेचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. 2020 च्या नियमांनुसार लेबलवरील अनिवार्य माहिती विक्रीपूर्वीच ग्राहकाला द्यावी लागते, मात्र बॅच क्रमांक आणि तारखा यांना सूट आहे, कारण एकच नोंद अनेक बॅचेससाठी चालते. वजन-मापविषयक नियमांत 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनेही ऑनलाइन माहितीतून उत्पादनाचा महिना व वर्ष असेच वगळले होते. त्यामुळे नोंदीत तारखेऐवजी ‘पॅकिंगपासून 60 दिवस’ असा कालावधी आणि तो कोणत्या साठवणुकीत टिकतो, हे एकत्र लिहिणे योग्य ठरते. ‘कोरड्या व थंड जागी ठेवावे, पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवून 15 दिवसांत संपवावे’ असे दुसरे वाक्य नसेल, तर पहिल्याला अर्थ उरत नाही, कारण 60 दिवस हे न उघडलेल्या पाकिटाचे आहेत.

घटकांच्या यादीचा नियम जुना आहे आणि सोपा वाटतो : तयारीच्या वेळच्या वजनानुसार उतरता क्रम. समजा, एका घाण्यात पातळ पोहे 600 ग्रॅम, शेंगदाणे 130, तेल 110, डाळे 70, सुके खोबरे 50, हिरव्या मिरच्या 25, साखर 15, मीठ 12, काजू 10 आणि हिंग 2 ग्रॅम आहे. यादीत मिरच्या साखरेच्या आधी येतात, कारण घातलेल्या ओल्या मिरचीचे 25 ग्रॅम धरायचे, तळून सुकल्यावरचे नव्हे. काजूचा उल्लेख विक्रीसाठी पुढे आणण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण त्याची जागा शेवटून दुसरी आहे.

ॲलर्जीकारक घटकांची सर्वसाधारण सक्ती मात्र 2020 च्या नियमांतच आली. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट, अशी ही यादी आहे. आपल्या स्वयंपाकघरातील तीळ आणि मोहरी तीत नाहीत, तर युरोपीय यादीत दोन्ही आहेत आणि अमेरिकेत तीळ 2023 पासून सक्तीच्या यादीत आला. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्यांसाठी हा फरक किरकोळ नाही.

वरील चिवड्यात शेंगदाणे आणि काजू सहज लक्षात येतात. निसटतो तो हिंग. बाजारातील बांधणीचा हिंग शुद्ध नसून त्यात स्टार्च किंवा पीठ असते आणि ते अनेकदा गव्हाचे असते. पाच टक्क्यांखालच्या संयुक्त घटकाचे उपघटक लिहिण्यापासून काही सवलत आहे. दोन ग्रॅम हिंग त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, पण ॲलर्जीच्या घोषणेला ती सवलत लागू होत नाही. ‘पोह्यांचा, म्हणून ग्लुटेन-फ्री’ असे लिहिणारी नोंद इथेच चुकते. त्या दाव्यासाठी ग्लुटेन किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते आणि ते चाचणीनेच कळते. हिंगाच्या डबीवर गहू लिहिलेला असल्यास घोषणा ‘यात आहे : शेंगदाणे, काजू, गहू’ अशी होईल. एकाच कढईत शेव तळली जात असल्यास आणि तिच्यात दुसरा ॲलर्जीकारक घटक असल्यास ‘यात असू शकते’ हे वेगळे वाक्य लागते.

लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे आवश्यक आहे. मराठी मजकूर जोडीने चालतो, एकटा नाही. देवनागरी लिपी असल्याने पुरेसे होईल, असे मानणाऱ्या छोट्या उत्पादकांना पाकिटे पुन्हा छापावी लागू शकतात.

तारखांना नोंदीतून सूट मिळाली, तेव्हा जुना माल ग्राहकाच्या दारी येण्याची शक्यता उरलीच. तिच्यासाठी फेब्रुवारी 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत अट होती आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय अन्न नियामकाने ऑनलाइन विक्रेत्यांना ती पुन्हा बजावली : पोहोचताना पदार्थाचे किमान 30 टक्के आयुष्य किंवा एक्सपायरीपूर्वी 45 दिवस शिल्लक असावेत. आपल्या 60 दिवसांच्या चिवड्याला 30 टक्के म्हणजे 18 दिवस, तर 45 दिवसांचा अर्थ लावल्यास पॅकिंगनंतर 15 दिवसांत माल पोहोचायलाच हवा. वर्षभर टिकणाऱ्या लोणच्याला उलटे होते : 30 टक्के म्हणजे सुमारे 110 दिवस आणि 45 दिवसांची अट सोपी. ‘किंवा’चा अर्थ कोणता घ्यायचा, हे त्या वाक्यात सांगितलेले नाही, त्यामुळे चिवडा विकणारा 18 मोजतो आणि लोणचे विकणारा 45.