आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि आलेखाचा उभा अक्ष

सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीचा रोज सकाळी एक आलेख तयार होतो, असं धरू. त्यात मागच्या सात दिवसांच्या नोंदी असतात. संगणक नवी नोंद घेतो, सर्वांत जुनी गाळतो, चित्र नव्याने काढतो आणि ते मोबाइलवर फिरू लागतं. आता दोन आठवडे घेऊ. पहिल्यात पाणी १२.२ फुटांवरून १३.० फुटांवर गेलं, म्हणजे सुमारे साडेनऊ इंच चढलं. दुसऱ्यात ते १४ फुटांवरून ३८ फुटांवर गेलं, म्हणजे २४ फूट. अक्षाची मर्यादा संगणकावर सोडली असेल, तर या दोन्ही आठवड्यांची चित्रं जवळजवळ सारखी दिसतात. दोन्हीत रेषा डावीकडे तळाशी सुरू होते आणि उजवीकडे माथ्याला टेकते. फरक असतो तो फक्त डाव्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या आकड्यांत, आणि मोबाइलवर ते आकडे फारसं कुणी वाचत नाही.

हा संगणकाचा दोष नाही, त्याला सांगितलेलं काम तो चोख करतो. ऑटो अक्षाचं काम एकच: आज हातात असलेली माहिती उपलब्ध जागेत पुरेपूर बसवायची. पायथनमधलं मॅटप्लॉटलिब सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेतं, त्यांच्यातल्या फरकाच्या ५ टक्के मोकळी जागा वर आणि खाली सोडतं आणि अक्ष ठरवतं. पहिल्या आठवड्यात हा अक्ष १२.१६ ते १३.०४ येतो, दुसऱ्यात १२.८ ते ३९.२. काल काय दाखवलं होतं, याची त्याला आठवण नसते. एकदाच काढायच्या, अहवालात छापायच्या आलेखाला हे चालून जातं. रोज निघणारी चित्रं मात्र लोक एकामागून एक सरकवत बघतात आणि कालच्या रेषेशी आजची रेषा ताडून पाहतात. अक्ष बदलला की ती तुलनाच खोटी ठरते.

एक्सेलमध्ये हीच अडचण जरा वेगळ्या रूपात येते. सगळे आकडे धन असतील, तर एक्सेल आधी एक गोष्ट तपासतं: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या १६.६७ टक्क्यांहून, म्हणजे एक षष्ठांशाहून जास्त आहे का? जास्त असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होतो. कमी असेल तर शून्य सोडून देऊन अक्ष लहान आकड्याच्या थोडा खालून सुरू होतो. पाणी चढून ३८ फुटांवर रेंगाळतंय असं समजा. आजच्या सात दिवसांत सर्वांत कमी नोंद ३१.५ आहे. फरक ६.५ फूट, म्हणजे ३८ च्या १७.१ टक्के, म्हणून अक्ष शून्यापासून. उद्या ती जुनी नोंद गळून पडते आणि सर्वांत कमी नोंद ३२ उरते. फरक ६ फूट, १५.८ टक्के. अक्ष एकदम २८-२९ फुटांपासून सुरू होतो. नदीत काहीच घडलेलं नाही, पण कालची सपाट रेषा आज कड्यासारखी उभी दिसते. पुराच्या दिवसांत असं चित्र घरोघरी गेलं तर काय होईल, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून लोकांसाठी काढायच्या आलेखाचा उभा अक्ष पक्का बांधावा. कुठे बांधायचा, हे मात्र आजच्या आकड्यांवरून ठरवायचं नसतं, ते नदीच्या इतिहासावरून ठरतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. तेव्हा ० ते ६० फूट हा अक्ष सोयीचा पडतो. ४० आणि ४५ च्या आडव्या रेषा त्यात रोज एकाच जागी येतात, आणि चार दिवस चित्रं पाहिलेल्या माणसाला आकडे न वाचताही पाणी कुठवर आलंय ते कळतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा नदीकाठच्या वस्त्यांत पाणी ४० फुटांच्या आधीच शिरू लागतं. त्या घरांसाठी त्यांची स्वतःची एक रेषाही आखता येते, आणि माझ्या मते ती आखलीच पाहिजे.

काही जण अक्ष ऑटोच ठेवतात आणि फक्त ४५ ची रेषा काढतात. मॅटप्लॉटलिबमध्ये `axhline` वापरून रेषा काढली की ऑटो अक्षही तिला सामावून घ्यायला ताणला जातो, त्यामुळे वरचं टोक बऱ्यापैकी स्थिर होतं. पण खालचं टोक मोकळंच राहतं आणि पाणी कमी-जास्त होईल तसं हलत राहतं. हा उपाय अर्धाच.

इथे शून्याबद्दल एक खुलासा. नदीची पातळी मोजणाऱ्या पट्टीचा शून्य हा मोजणीसाठी मानलेला बिंदू असतो, ‘नदीत पाणी नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. त्यामुळे रेषेच्या आलेखात अक्ष १० फुटांपासून सुरू केला म्हणून काही बिघडत नाही, तो रोज तिथूनच सुरू व्हावा इतकंच. स्तंभालेख असेल तर मात्र शून्य सोडता येत नाही, कारण तिथे डोळा स्तंभाची लांबी मोजत असतो.

पक्क्या अक्षाचेही धोके आहेत, आणि त्यातला पहिला गंभीर आहे. पाणी ६१ फुटांवर गेलं तर रेषा चौकटीच्या वरच्या कडेला कापली जाते. ना मॅटप्लॉटलिब इशारा देतं, ना एक्सेल. ज्या दिवशी आलेखाची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच दिवशी रेषा गायब. म्हणून अक्ष पक्का ठेवताना त्याला वाढायची एक ठरलेली वाट ठेवावी लागते:

```python
import math
top = 60
hi = df["level"].max()
if hi > top:
    top = math.ceil(hi / 5) * 5
ax.set_ylim(0, top)
```

पाणी ६० च्या आत असेपर्यंत अक्ष हलत नाही. ६१ झालं तर तो ६५ पर्यंत जातो, पाच-पाच फुटांच्या पायरीने. पायरी असल्यामुळे तो रोज थोडाथोडा सरकत नाही. ज्या दिवशी तो वाढेल त्या दिवशी चित्रावरच ठळक लिहावं: ‘अक्ष आज ६५ फुटांपर्यंत वाढवला आहे.’ आणि एकदा वाढवलेला अक्ष तो पावसाळा संपेपर्यंत खाली आणू नये. नाहीतर सात दिवसांनी ६१ ची नोंद गळताच अक्ष पूर्ववत होईल आणि ओसरत चाललेलं पाणी चित्रात पुन्हा वर उडी मारताना दिसेल. त्यासाठी `top` ची किंमत एका छोट्या फाइलमध्ये साठवून दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायची.

या कोडच्या आधी एक चाळणीही हवी. कुणी ३८.५ ऐवजी ३८५ टाइप केलं, तर हा अक्ष थेट ३८५ पर्यंत जाईल आणि खरी नदी तळाशी एका रेघेत चिरडली जाईल. म्हणून शून्याच्या खालची किंवा ७० फुटांच्या वरची नोंद आलेखात घेऊच नये, ती बाजूला काढून माणसाला दाखवावी.

दुसरी अडचण बारीक फरकांची. मोबाइलवर आलेखाची उंची ६ सेंटिमीटर धरली, तर ६० फुटांच्या अक्षावर एक फूट म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. साडेनऊ इंचांची चढ डोळ्याला दिसतच नाही. पूर आलेला असताना मात्र ‘पाणी अजून चढतंय की थांबलं?’ हाच प्रश्न सगळ्यांना पडलेला असतो. यासाठी खाली दुसरी छोटी चौकट काढावी, शेवटच्या २४ तासांची. तिच्या अक्षाची जागा बदलू द्यायची, पण पसारा पक्का ठेवायचा: कायम ६ फूट. आज ती ३४ ते ४० दाखवेल, परवा ३७ ते ४३. चौकट ३ सेंटिमीटर उंच असेल तर एक फूट रोज ५ मिलिमीटरच राहतो, म्हणून रेषेचा उतार रोज एकाच वेगाची भाषा बोलतो. काल आणि आज रेषा सारखीच तिरपी असेल तर पाणीही त्याच वेगाने चढलं आहे. २४ तासांत ६ फुटांहून जास्त फरक पडला तर पसारा १२ करावा आणि तसं चौकटीवर लिहावं.

पूर्ण ऑटो अक्षही फेकून द्यायचा नाही. तो नोंदी तपासणाऱ्याच्या टेबलावर असावा, कारण चुका तोच सर्वांत लवकर उघड्या पाडतो. पातळी फूट-इंचांत सांगितली जाते आणि घोळ इथेच होतो. ‘३८ फूट ९ इंच’ कुणी ३८.९ असं भरतं. पुढच्या तासाला ३८ फूट १० इंच झालं की ३८.१० भरलं जातं, आणि संगणकासाठी ते ३८.१ असतं. त्यानंतर ३८.११, मग ३९.०. प्रत्यक्षात पाणी तासाला एकेक इंच चढतंय, पण नोंदीत ते पाऊण फुटाहून जास्त घसरून पुन्हा वर येतं. साठ फुटांच्या अक्षावर ही घसरण एक मिलिमीटरही भरत नाही, ऑटो अक्षावर मात्र ठसठशीत खड्डा दिसतो. फूट बदलायच्या अगदी आधी दोन नोंदींचा खड्डा पडला, की शंका याच चुकीची घ्यावी. उपाय सोपा आहे. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत भरायचे आणि `feet + inches/12` हे गणित संगणकाला करू द्यायचं. म्हणजे ९ इंचांना ३८.७५ आणि १० इंचांना ३८.८३ मिळतात.

कोयना धरणाच्या साठ्याचा आलेख त्या मानाने सोपा. क्षमता १०५.२५ टीएमसी ठरलेली आहे, म्हणून अक्ष शून्यापासून थोडा त्याच्यापुढे, ११० पर्यंत न्यावा आणि क्षमतेची रेषा आखावी.

राहिला आडवा अक्ष, ज्याचा विचार फार कमी जण करतात. तोही ऑटो असेल तर शेवटच्या नोंदीपाशी संपतो. समजा नेटवर्क गेलं आणि रात्री १० नंतर एकही नोंद आली नाही. सकाळी ८ वाजता निघालेलं चित्र तरीही भरगच्च, पूर्ण दिसेल, आणि रात्री १० ची पातळी लोक आत्ताची समजतील. उपाय एका ओळीचा:

```python
ax.set_xlim(now - pd.Timedelta(days=7), now)
```

इथे `now` म्हणजे चित्र काढण्याची वेळ, शेवटच्या नोंदीची नव्हे. आता रेषा रात्री १० ला थांबते आणि उजवीकडे दहा तासांची कोरी पट्टी उरते. पण सात दिवसांच्या अक्षावर ती जेमतेम ६ टक्के रुंद असते, म्हणून २४ तासांच्या चौकटीलाही हाच नियम लावावा. तिथे तीच पट्टी जवळपास अर्धी चौकट व्यापते. तिच्यावर राखाडी रंग भरून ‘शेवटची नोंद: रात्री १०’ असं लिहिलं, की पाहणाऱ्याला फोन करून ताजी पातळी विचारायची गरज आहे हे लगेच कळतं.