स्पीड टेस्ट ८० एमबीपीएस, तरी व्हिडिओ का अडकतो?

फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. मग टेस्टमध्ये ८० दिसत असताना टीव्हीवर चक्र फिरत का राहतं? पहिली शंका टेस्टवरच घ्यावी. ती बहुधा राउटरजवळ, मोबाइलवर, ५ गिगाहर्ट्झ बँडवर केलेली असते. टीव्ही मात्र दोन भिंतींपलीकडे २.४ वर असतो. शिवाय टेस्ट काही सेकंदच चालते, एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून जोर लावते आणि शेवटी एकच आकडा दाखवते. मधे दोन सेकंद काहीच आलं नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. लाइव्ह सामना पाहताना तेच नडतं, कारण तिथे आगाऊ साठा जेमतेम काही सेकंदांचा असतो.

खोट घरात आहे की बाहेरच्या लाइनमध्ये, हे असं कळतं. लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवा, टीव्हीच्याच बँडला जोडा आणि व्हिडिओ अडकतो त्या वेळी विंडोजमध्ये हे चालवा:

```
ping -n 100 192.168.1.1
```

(राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसतो.) उत्तरं १ ते ५ मिलिसेकंदांत येत असतील तर वायफाय ठीक आहे, लाइन तपासा. मधूनच ३०० किंवा `Request timed out` दिसलं, तर गडबड घरातच आहे. इंटरनेटचा प्लॅन वाढवून इथे काडीचाही फरक पडणार नाही.

वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीचे थांबतात, त्यात त्याच चॅनेलवरचे शेजारीही आले. सिग्नल क्षीण झाला की उपकरण वेग उतरवतं. १५०० बाइटचं पॅकेट ३०० एमबीपीएसने ०.०४ मिलिसेकंदात जातं, तेच ६ एमबीपीएसने २ मिलिसेकंद घेतं, म्हणजे पन्नासपट वेळ हवा अडवून ठेवतं. त्यामुळे कोपऱ्यातला एक लांबचा कॅमेरासुद्धा सगळ्यांना रखडवतो. रात्री शेजाऱ्यांचे टीव्ही सुरू झाले की रांग आणखी लांबते.

टीव्हीजवळ सिग्नल उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला (म्हणजे उणे ६०, उणे ५०) हवा. मोबाइलवरचं वायफाय अॅनालायझर अॅप हा आकडा दाखवतं. ५ गिगाहर्ट्झवर तेवढा मिळत असेल तर टीव्ही तिकडेच न्या. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर राउटरमध्ये ती वेगळी करा, नाहीतर टीव्ही पुन्हा २.४ धरून बसेल. काँक्रीटच्या भिंतीपुढे ५ टिकत नसेल, तर २.४ वरच राहून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ पैकी कमी गर्दीचं चॅनेल निवडा. रिकामं दिसलं म्हणून ३ घेऊ नका. ते १ आणि ६ दोघांवरही चढतं आणि दोन्हीकडचा गोंगाट ओढवून घेतं. टीव्हीपर्यंत लॅन केबल नेता आली तर मात्र यातलं काहीच करायला नको.