तिरप्या प्रतलखंडातून जाणारा अभिवाह

अवकाशातील सदिश क्षेत्र F एखाद्या सपाट तुकड्यातून एका ठरावीक बाजूकडे निव्वळ किती जाते, याचे माप म्हणजे त्या तुकड्यातून जाणारा अभिवाह, अर्थात फ्लक्स. तो ∬ F·n dS असा लिहितात. येथे n हा तुकड्याला लंब असलेला एकक सदिश आणि dS हा तुकड्यावरचा क्षेत्रफळ घटक. तुकडा निर्देशक प्रतलाला समांतर असेल तर n आणि dS दोन्ही उघड दिसतात. तिरप्या तुकड्यात मात्र ती दोन्ही बांधून घ्यावी लागतात.

या मांडणीचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकमत नाही. काही अंशी अपसारण प्रमेयाच्या इतिहासामुळे ते सहसा गाऊस यांच्याकडे जाते. त्यांच्या १८१३ च्या विवृत्ताभांच्या आकर्षणावरील निबंधात पृष्ठघटक, बाहेरच्या बाजूचा लंब आणि त्या लंबाचा अक्षाशी होणारा कोन हे तिन्ही स्पष्टपणे येतात. परंतु स्पर्शप्रतल xy प्रतलाशी γ कोन करत असेल तर dx dy = cos γ dS, हा तिरपेपणाचा गाभा लाग्रांज यांच्या यामिकीवरील ग्रंथाच्या १८११ च्या आवृत्तीत आधीच आढळतो. क्षेत्रफळ घटकाचे मूळ लाग्रांज यांच्याकडे आणि दिशेच्या निवडीचे गाऊस यांच्याकडे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कोशी यांनी १८२० च्या दशकात प्रतिबलाचा विचार करताना छोटा चतुष्फलक घेतला. त्याच्या तीन सरळ बाजूंची क्षेत्रफळे म्हणजे तिरप्या बाजूच्या क्षेत्रफळाला n च्या घटकांनी गुणून मिळणाऱ्या राशी. हे तेच नाते आहे.

उदाहरणादाखल x + 2y + 2z = 6 या प्रतलाचा पहिल्या अष्टकातील त्रिकोण घेऊ. त्याचे शिरोबिंदू (6,0,0), (0,3,0) आणि (0,0,3). समीकरणातील सहगुणकांवरून लंब N = (1,2,2) मिळतो. त्याची लांबी ३, म्हणून n = (1,2,2)/3. त्याचा z घटक धन असल्याने तो वरच्या बाजूला आणि आरंभबिंदूपासून दूर रोखलेला आहे. तेच समीकरण −१ ने गुणून लिहिले तर लंब उलटा मिळतो, तेव्हा समीकरणातून आपोआप आलेल्या दिशेवर विसंबू नये. एकट्या तुकड्याला ‘आत’ आणि ‘बाहेर’ नसते. दिशा सांगितलीच पाहिजे, आणि ती बदलली की उत्तराचे फक्त चिन्ह बदलते.

xy प्रतलावर प्रक्षेप घेतल्यास cos γ = 2/3, म्हणून dS = (3/2) dx dy. आता n dS = (1/2, 1, 1) dx dy. n मधील ३ आणि dS मधील ३ एकमेकांना छेदून गेले आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या न काढता n dS थेट लिहिणे सोयीचे, ते यामुळेच. r(x,y) = (x, y, 3 − x/2 − y) असे धरून r_x × r_y काढला तरी हाच सदिश येतो. गुणाकाराचा क्रम उलटला तर दिशाही उलटते.

F = (2y, 0, z) घेतल्यास F·n dS = (y + z) dx dy. तुकड्यावर z = 3 − x/2 − y असल्याने समाकल्य 3 − x/2 उरते. प्रक्षेपित त्रिकोणाचे क्षेत्रफळ ९ आणि त्यावर x ची सरासरी २, म्हणून अभिवाह 9 × 2 = 18.

येथे होणाऱ्या चुका उत्तराच्या आकारावरून ओळखता येतात. एकक n घेऊन dS च्या जागी नुसते dx dy लिहिले तर १२ येतात. N एकक न करता dS = (3/2) dx dy ठेवले तर ५४ येतात. पडताळ्यासाठी प्रक्षेपाचे प्रतल बदलून पाहावे. yz प्रतलावर dS = 3 dy dz आणि F·n dS = (2y + 2z) dy dz होते. तेथील त्रिकोणाचे क्षेत्रफळ 9/2, y आणि z ची सरासरी प्रत्येकी १, म्हणजे पुन्हा १८. चतुष्फलक बंद करूनही तपासता येते. F चे अपसारण १ आणि घनफळ ९, म्हणून बाहेर जाणारा एकूण अभिवाह ९ हवा. x = 0 या बाजूतून −९ मिळतात, उरलेल्या दोन बाजूंतून शून्य, आणि 18 − 9 = 9.

पाठ्यपुस्तकांचा कल xy प्रक्षेपाकडे असतो, पण तो सवयीचा भाग आहे. तुकडा उभा असेल तर n·k = 0 होते, प्रक्षेपाची रेषा बनते आणि dx dy / |n·k| निरर्थक ठरते. अशा वेळी yz किंवा zx प्रतल घ्यावे लागते. ‘वरच्या बाजूचा लंब’ हा संकेतही तेथे लागू पडत नाही. तुकड्याची कड ही विद्युत् वेटोळे असेल, तर n ची निवड वेटोळ्याच्या फिरण्याच्या दिशेशी उजव्या हाताच्या नियमाने बांधली जाते. n उलटला की फॅराडे यांच्या नियमातील विद्युत्चालक बलाची मोजण्याची दिशाही उलटते, प्रत्यक्ष प्रवाह मात्र तोच राहतो.