शनिवार, २१ फेब्रुवारीच्या रात्री सर्व्हर बंद: काम काय, वेळ एवढा का, आणि जमलं नाही तर परत कसे येणार

नमस्कार,

शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६ च्या रात्री १० पासून रविवारी सकाळी ६ पर्यंत तुमची टॅली, हॉटेलचं बुकिंग सॉफ्टवेअर आणि आमच्या सर्व्हरवरचं फाइल फोल्डर बंद राहील. वेबसाइट आणि ईमेल चालू राहतील, कारण ते या सर्व्हरवर नाहीत.

रत्नागिरीच्या आमच्या ऑफिसात एक मोठा सर्व्हर आहे. त्याच्या आत प्रत्येक ग्राहकाचं स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन चालतं, म्हणजे इमारत एक आणि बिऱ्हाडं वेगवेगळी. तुम्ही रिमोट डेस्कटॉपने जोडता ते तुमचं बिऱ्हाड. शनिवारी काम आहे ते इमारतीच्या पायात. तुमचं विंडोज, तुमची टॅली, तुमचे पासवर्ड यांतल्या कशालाही हात लागणार नाही. पण पायाचं काम चालू असताना वर कोणाला राहता येत नाही, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी बाहेर यावं लागतं.

हा पाया म्हणजे प्रॉक्समॉक्स व्हीई नावाची प्रणाली. आपल्याकडे तिची ८.४ ही आवृत्ती आहे. तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं ऑगस्ट २०२६ मध्ये बंद होईल. तिची पुढची आवृत्ती, म्हणजे ९, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तेव्हा लगेच उडी मारली नाही, सुरुवातीच्या दुरुस्त्या येऊ दिल्या. आता आणखी थांबलो तर आंब्याचा हंगाम लागेल, आणि एप्रिल-मे मध्ये पॅकिंगवाल्यांचा सर्व्हर एक रात्रही बंद ठेवणं आम्हाला मान्य नाही. त्यानंतर पाऊस आणि विजेचा लपंडाव. २० तारखेला जीएसटीचं ३बी भरून झालेलं असेल, आणि शिमगा मार्चच्या सुरुवातीला आहे. म्हणून २१ तारीख.

गणपतीपुळे आणि गुहागरच्या हॉटेलवाल्यांना शनिवारची रात्र अडचणीची आहे, हे आम्ही जाणून आहोत. रविवारची रात्र त्यांना सोपी गेली असती. पण मग लगेच सोमवार उगवतो, आणि सगळे एंट्रीला बसायच्या आत नव्या पायावर नजर ठेवायला एक दिवसही हातात राहत नाही. तो दिवस आम्हाला हवाच आहे. हॉटेलवाल्यांनी कृपया शनिवारी साडेनऊच्या आत दोन याद्या छापून घ्याव्यात: रविवारी कोण खोली सोडणार आणि कोण येणार. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांची नोंद रजिस्टरमध्ये करून सकाळी चढवावी.

आता, आठ तास कशाला? प्रत्यक्ष अपग्रेड फार तर तासाभराचं आहे. पॅकेजेस उतरवायची, बसवायची, सर्व्हर पुन्हा चालू करायचा. बाकीचा बहुतेक वेळ एकाच गोष्टीसाठी राखला आहे: काही बिघडलं तर तुमची एकही एंट्री न गमावता मागे येता यावं. हा भाग नीट वाचावा, ही विनंती.

प्रॉक्समॉक्सची मोठी आवृत्ती एकदा चढवली की तीच उलटी उतरवता येत नाही. ‘अनडू’ नाही. मागे जायचं तर जुनी आवृत्ती जागेवर तयार असलेलं दुसरं यंत्र हवं. ते आपल्याकडे आहे. शेजारच्या रॅकमधला जुना सर्व्हर आम्ही मुद्दाम ८.४ वरच ठेवला आहे, आणि तुमच्या मशीनची पूर्ण प्रत त्या आठवड्यात, तुमचं काम चालू असतानाच, त्याच्यावर उतरवून ठेवू.

उदाहरण म्हणून लांज्याकडच्या एका काजू कारखान्याचं टॅली मशीन घेऊ. त्याची डिस्क २०० जीबीची. दोन सर्व्हरमधल्या गिगाबिट केबलवरून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे पूर्ण प्रतीला अर्धा तास. ती प्रत आधी झालेली असेल. शनिवारी रात्री मशीन व्यवस्थित बंद केल्यावर मधल्या काळात बदललेला भाग तेवढा पाठवायचा. तो २ जीबी असेल तर वीस सेकंदांचं काम. मशीन बंद करूनच ही शेवटची प्रत घेतो, कारण टॅली उघडी असताना घेतलेली प्रत ऐन कामात वीज गेलेल्या संगणकासारख्या अवस्थेत असते. बहुतेक वेळा ती चालते. आम्हाला ‘बहुतेक वेळा’ पुरेसं नाही.

मग नुसती प्रत झाली यावर विश्वास न ठेवता तिथली मशीन नेटवर्क तोडून चालू करून बघू. विंडोज उघडतं का, टॅलीत कंपनी उघडते का, शेवटचं व्हाउचर दिसतं का. हे झाल्याशिवाय मोठ्या सर्व्हरला हात लावणार नाही.

पावणेबारा वाजता पहिला निर्णय. प्रती तपासून झाल्या असतील, वीज स्थिर असेल, बॅटऱ्या भरलेल्या आणि जनरेटरमध्ये डिझेल असेल, तरच सुरुवात. अर्ध्यावर वीज गेली की निम्मी पॅकेजेस जुनी आणि निम्मी नवी अशी त्रिशंकू अवस्था होते आणि सर्व्हर उठतच नाही. त्या संध्याकाळी महावितरणची लाइन सारखी ये-जा करत असेल तर काम पुढे ढकलू आणि तुमची मशीन रात्रीच चालू करून देऊ. काम दुरून न करता सर्व्हरसमोर बसूनच करणार आहोत, म्हणजे मध्येच इंटरनेट गेलं तरी हातातलं काम तुटणार नाही.

सुरू करण्याआधी प्रॉक्समॉक्सचीच एक तपासणी चालवतो:

```
pve8to9 --full
```

ही काहीही बदलत नाही, फक्त अडचणी दाखवते. तिच्या यादीत एकही FAIL उरलेला असेल तर पुढे जाणार नाही.

सगळ्यात जास्त सापडणारी अडचण मात्र सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर दिसते. नव्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, नेटवर्क कार्डाचं नाव वेगळं दिसू शकतं. काल `enp1s0` होतं, आज `enp1s0f0`. सेटिंगमध्ये जुनंच नाव असतं, त्यामुळे सर्व्हर ठणठणीत असूनही बाहेरून कोणालाच सापडत नाही. समोरच्या स्क्रीनवर लॉगिन दिसतं, पण पिंगला उत्तर येत नाही, अशी त्याची खूण. यासाठी आम्ही कार्डाची नावं त्यांच्या मॅक पत्त्याला, म्हणजे प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला, आधीच बांधून ठेवली आहेत. तरीही नाव बदललंच तर दुरुस्ती थोड्या मिनिटांची आहे.

दुसरा आणि खरा निर्णय रात्री अडीचला. तोवर सगळी मशीन नव्या पायावर उठून आमच्या तपासणीत पास झालेली हवीत. एकही अडली आणि कारण कळत नसेल तर आम्ही मागे फिरणार. ‘अजून अर्धा तास बघू’ असं म्हणणार नाही, कारण असे अर्धे तास जोडत गेलं की पहाट होते. मागे फिरणं म्हणजे मोठा सर्व्हर नेटवर्कमधून काढायचा आणि जुन्या सर्व्हरवरच्या प्रती चालू करायच्या. साडेतीनपर्यंत ते पूर्ण होईल. पत्ते तेच असतील, तुमच्या शॉर्टकटमध्ये काही बदलावं लागणार नाही. जुन्या सर्व्हरच्या डिस्क धिम्या आहेत, त्यामुळे वर्षभराचा स्टॉक रिपोर्ट उघडायला वेळ लागेल. एवढाच फरक.

अडीचची वेळ ठरवण्यामागे आणखी एक कारण आहे. मागे जाणं तेव्हाच बिनतोट्याचं असतं, जेव्हा नव्या पायावर कोणीही नवीन एंट्री केलेली नसते. सहा वाजता दार उघडलं आणि तुम्ही दहा बिलं केली की ती बिलं फक्त नव्या सर्व्हरवर असतात, शेजारच्या प्रतीत नसतात. म्हणून मशीन मध्यरात्री तयार झाली तरी सकाळी सहाच्या आधी कोणालाही आत सोडणार नाही. कृपया मध्ये फोन करून ‘एकच बिल काढू द्या’ असा आग्रह धरू नका. सहानंतर काही बिघडलं तर जागेवर दुरुस्त करू. जुन्या प्रतीकडे परतायची वेळ आलीच तर आधी तुम्हाला विचारू, कारण त्यानंतरच्या एंट्री पुन्हा माराव्या लागतील. म्हणून रविवारी जमेल तितकी कमी एंट्री करा, आणि केलीत ती कागदावरही टिपून ठेवा. रविवारी दुपारी दोन आणि रात्री नऊला आम्ही जादा बॅकअप घेणार आहोत.

एक धोका असा आहे की दोन्ही सर्व्हरवरची मशीन एकाच वेळी जागी व्हावीत. पत्ता एकच, मशीन दोन. मग निम्म्या ऑफिसची बिलं एकीकडे आणि निम्म्याची दुसरीकडे जातात, आणि ती जुळवणं हे अतिशय वाईट काम. लाइट जाऊन आली की सर्व्हर आपोआप उठतात आणि आतली मशीनही उठवतात, म्हणून आपल्या भागात हे अगदी शक्य आहे. यासाठी जुन्या सर्व्हरवर ‘बूटवेळी चालू करा’ ही खूण प्रत्येक मशीनची काढलेली असेल.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. शनिवारी काम संपताना टॅलीतून बाहेर पडा, रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद न करता साइन आउट करा. उघडं राहिलेलं सत्र दहा वाजता आम्ही बंद करू, आणि त्यातली सेव्ह न केलेली एंट्री जाईल. दुसरं, बाहेर पडण्याआधी शेवटच्या विक्री व्हाउचरचा नंबर आणि रोख शिल्लक कागदावर लिहून ठेवा. रविवारी सकाळी पहिलं काम म्हणून ते पडताळा. दोन्ही जुळले तर तुम्ही योग्य प्रतीवर आहात, मग रात्री आम्ही पुढे गेलेलो असू वा मागे आलेलो. जुळले नाहीत तर एकही एंट्री न करता लगेच ऑफिसला फोन करा. रविवारी सहापासून फोनवर माणूस असेल. प्रिंटरवर एक बिलही काढून बघा.

अडीचच्या निर्णयानंतर ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ येईल: ‘नव्या सर्व्हरवर’ किंवा ‘जुन्या सर्व्हरवर’. दुसरी ओळ आली तरी सकाळचं तुमचं काम अडणार नाही. फक्त अपग्रेडची नवी तारीख ठरेल, आणि ती आंब्याआधीचीच असेल.

सगळं सुरळीत झालं तरी जुन्या सर्व्हरवरच्या प्रती ८ मार्चपर्यंत पुसणार नाही. मोठ्या सर्व्हरवर `zpool upgrade` ही आज्ञाही तोवर देणार नाही. ती दिली की डिस्कची मांडणी नव्या पद्धतीची होते आणि जुन्या आवृत्तीला त्या डिस्क वाचता येतीलच असं नाही. दोन आठवड्यांत कोणाचीही तक्रार आली नाही, तर ८ मार्चनंतर प्रती काढू आणि जुना सर्व्हरही आवृत्ती ९ वर नेऊ. त्यासाठी तुमचं काही बंद ठेवावं लागणार नाही.

आपला,
सर्व्हर विभाग, रत्नागिरी