चव गेली की भूक गेली? म्हातारपणी ताटात अन्न का उरते

आहाराविषयी सल्ला विचारायला येणाऱ्या मुंबईकर कुटुंबांकडून एक वाक्य मी वारंवार ऐकते : "आई जेवतच नाही, तोंडाला चव नसते तिच्या." बहुतेक वेळा या वाक्याचा पहिला भाग खरा असतो आणि दुसरा घरच्यांनी स्वतःच जोडलेला असतो. चव जाणे आणि भूक मंदावणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणे शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि एकीचा उपाय दुसरीला पुष्कळदा घातक ठरतो.

चवीचे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगते. जिभेवरच्या स्वादकलिकांमधील पेशी साधारण दहा दिवसांनी नव्या होतात आणि वयानुसार हे नवे होणे संथ होते. परंतु खरे नुकसान नाकात होते. आमटीतला चिंचेचा आंबटपणा, गुळाची गोडी आणि मीठ एवढेच जिभेला कळते. गोडा मसाला, हिंगाची फोडणी आणि कोथिंबीर हे सारे घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाने कळते. पासष्ट ते ऐंशी या वयोगटातील निम्म्याहून अधिक लोकांची वासाची जाणीव कमी-अधिक मंदावलेली असते. मिरचीचा तिखटपणा मात्र चव नसून जळजळ आहे, ती वेगळ्या मज्जातंतूने कळते आणि त्या मानाने टिकून राहते, म्हणून वास गेलेला माणूस तिखट आणि लोणचे वाढवत नेतो. तोंड कोरडे पाडणारी औषधे आणि टाळू झाकणारी कवळी यांचीही यात भर पडते.

भूक मंदावण्याची जागा निराळी आहे, आणि सगळा गोंधळ होतो तो इथेच. जेवण पोटात येऊ लागले की जठराचा वरचा भाग सैलावतो आणि अन्न तिथे काही काळ साठून राहते. उतारवयात हे सैलावणे कमी होते, त्यामुळे अन्न लवकर खालच्या भागात उतरते, तो भाग ताणला जातो आणि अर्ध्या पोळीतच पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचतो. मोठे जेवण जठरातून पुढे सरकायलाही अधिक वेळ लागतो, म्हणून सकाळचा भरपेट नाश्ता दुपारपर्यंत पोटात जड वाटतो. त्यातच लहान आतड्यातून स्रवणारे आणि तृप्तीची जाणीव देणारे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक वृद्धांमध्ये अधिक प्रमाणात आढळते. म्हणजे तो माणूस हट्ट करत नसतो, नखरेही करत नसतो. त्याचे पोट खरोखरच भरलेले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. तरुण माणूस आजारपणात चार दिवस कमी जेवला, तर बरा झाल्यावर त्याची भूक आपोआप वाढते आणि उतरलेले वजन भरून निघते. 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वृद्ध पुरुषांना काही आठवडे मुद्दाम कमी अन्न दिले आणि नंतर मनसोक्त खाण्याची मुभा दिली. तरुणांनी जास्त खाऊन वजन परत मिळवले, वृद्धांनी मात्र ते मिळवले नाही. एका तापानंतर उतरलेले दोन किलो म्हातारपणी परत येत नाहीत, पुढच्या तापात आणखी दोन जातात, आणि जाणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. चव गेलेल्या माणसाला भूक लागते, फक्त जेवणात रस वाटत नाही. भूक मंदावलेल्या माणसाला, शरीर उपाशी असूनही, मागणीच जाणवत नाही. "भूक लागली की मागतील" हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

गिरगावातल्या एका घरात या दोन्ही तक्रारी एकाच ताटाभोवती होत्या. आजोबा ताट स्वच्छ करत, पण प्रत्येक भाजीत मीठ कमी असल्याचे सांगून लोणचे आणि पापड मागत. त्यांचे वजन स्थिर होते, रक्तदाब मात्र चढत होता. आजी "आमटी छान झालीय गं" असे म्हणत आणि अर्ध्या पोळीनंतर हात आखडता घेत. दिवाळीत 52 किलो असलेले त्यांचे वजन होळीपर्यंत 48 वर आले होते, आणि हिरड्या आकसल्याने कवळी सैल होऊन खडखडू लागली होती. सुनेने दोघांसाठी एकच उपाय केला : रस्सा अधिक झणझणीत केला आणि दुकानातून भूक वाढवणारे सिरप आणले.

मी दोघांनाही नाक चिमटीत धरून वेलचीचा दाणा चावायला लावला. नाक बंद असताना वेलचीचा सुगंध कोणालाच नीट कळत नाही. नाक सोडताच तो एकदम उमटला तर घ्राण शाबूत आहे असे समजावे. आजींच्या चेहऱ्यावर नाक सोडताच ओळख उमटली, आजोबांना काहीच फरक जाणवला नाही. घरच्या घरी करता येण्याजोगी ही ढोबळ चाचणी आहे, निदान नव्हे, पण कोणत्या दिशेने जायचे ते तिने कळते.

आजोबांसाठी मीठ न वाढवता लिंबू, कोकम, ताजी कोथिंबीर आणि कुरकुरीत काकडी ताटात आणली. आंबटामुळे लाळ सुटते आणि कुरकुरीतपणाला नाक लागत नाही. आजींच्या बाबतीत मसाल्याला हातच लावायचा नव्हता. दोन मोठी जेवणे मोडून पाच लहान केली, जेवणाआधीचे पेलाभर पाणी जेवणानंतर नेले, वरणभातावर साजूक तूप आणि सोबत अंडे किंवा पनीर आधी खायला सांगितले. पातळ पेज बंद केली. आजारी माणसाला पेजच द्यायची ही आपल्याकडची सवय मला मुळीच मान्य नाही, कारण तिने लहानशा भुकेची जागा बहुतांशी पाण्याने भरून जाते. बद्धकोष्ठ सुटल्यावरही त्यांच्या जेवणात फरक पडला. दोन महिन्यांत वजन एक किलोने वाढले. बाकीचे तीन अजून आलेले नाहीत.

सिरपविषयी माझे मत ठाम आहे. अशा अनेक सिरपांमध्ये सायप्रोहेप्टाडिन असते. ते मूळचे ॲलर्जीवरचे औषध असून त्याने तोंड कोरडे पडते, गुंगी येते, वृद्धांमध्ये गोंधळल्यासारखे होते आणि लघवी अडू शकते. भूक वाढवायला घेतलेल्या औषधाने चवही घालवायची, असा हा प्रकार होतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते वृद्धांना देऊ नये.

वयाच्या नावावर सगळेच खपवूनही चालत नाही. वास एकाएकी गेला, सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता पाच टक्के वजन उतरले (म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तीन किलो), किंवा गिळताना अडकू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. सोबत घरातील सर्व औषधांची यादी न्यावी, कारण मेटफॉर्मिनने तोंडात धातूसारखी चव येऊ शकते आणि हृदयासाठी दिलेले डिगॉक्सिन जास्त झाले तर भूक मरते. थायरॉइड आणि नैराश्य यांचीही तपासणी व्हायला हवी. जोडीदार गेल्यानंतर एकटे जेवणाऱ्या माणसाची भूक मंदावते, तेव्हा वेलचीची चाचणी त्यावर काहीच सांगत नाही.