किती वेळा आणि किती मोठी : घाऊक किराणा ग्राहकांच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

किराणा मालाचा प्रादेशिक घाऊक पुरवठादार आपल्या दुकानदार ग्राहकांचे गट पाडतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा दोनच आकडे असतात : ग्राहक किती वेळा माल मागवतो आणि एका वेळी किती मागवतो. ही रीत मुळात घाऊक व्यापारातली नाही. ती टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या कामातून घडली आणि तिथली काही गृहीतके अजूनही तिच्यात शिल्लक आहेत.

टपालविक्रीत प्रत्येक सूचिपत्रावर छपाईचा आणि टपालाचा खर्च होई, म्हणून ते कोणाला पाठवायचे हे ठरवणे भाग होते. शेवटची खरेदी कधी झाली, एकूण किती वेळा झाली आणि एकूण रक्कम किती, या तीन खुणांवरून पत्त्यांची यादी गाळली जाई. पुढे संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९५९ मध्ये ग्राहकांच्या खरेदीच्या वारंवारतेला गणिती रूप दिले. प्रत्येक ग्राहकाचा खरेदीचा वेग वेगळा असतो, पण त्या वेगाने होणाऱ्या खरेद्या काळात यादृच्छिकपणे विखुरलेल्या असतात, अशी त्यांची मांडणी होती. किरकोळ दुकानांना मात्र ग्राहक ओळखणेच अवघड होते. बारकोडमुळे काय विकले ते कळू लागले, पण कोणी घेतले हे मोठ्या प्रमाणावर कळण्यासाठी टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीच्या १९९५ मधल्या क्लबकार्ड या ग्राहक-कार्डासारख्या योजना याव्या लागल्या.

घाऊक पुरवठादाराला ही अडचण कधीच नव्हती. उधारीच्या व्यवहारामुळे प्रत्येक दुकानदाराचे नाव त्याच्या खातेवहीत होतेच. मात्र ती वही येणे किती बाकी आहे हे पाहण्यासाठी ठेवलेली असे, आणि दोन मागण्यांमधले अंतर तिच्यातून सहज वाचता येत नसे. व्यवसाय ते व्यवसाय विक्रीतील मागणीचा आकार आणि वारंवारता एकत्र मोजण्याचा महत्त्वाचा प्रयत्न श्मिटलाइन आणि पीटरसन या संशोधकांनी १९९४ मध्ये कार्यालयीन साहित्याच्या पुरवठादाराच्या नोंदींवर केला. मागणीचा आकार आणि तिची वारंवारता ही परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे त्यांनी मानले होते. किराण्याच्या घाऊक व्यापारात नेमके इथेच थांबून विचार करावा लागतो, कारण मागणीची लय ग्राहकाच्या इच्छेपेक्षा गाडीची फेरी, गोदामातली जागा आणि हातातली रोकड यांवर ठरते. लहान गोदाम असलेला दुकानदार वारंवार आणि थोडा माल घेतो, मोठे गोदाम असलेला क्वचित आणि भरपूर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बारा आठवड्यांत पहिला दुकानदार दर आठवड्याला २० पेट्या घेतो, दुसरा दर चार आठवड्यांनी ८०. दोघांची एकूण खरेदी २४० पेट्याच, त्यामुळे केवळ एकूण विक्रीवर केलेल्या यादीत ते शेजारी बसतात. पहिल्याला ४० पेट्यांच्या मागणीवर सवलत दिली आणि तो पंधरवड्याने मागवू लागला, तर एकूण विक्री वाढत नाही, पण गाडीच्या फेऱ्या बारावरून सहावर येतात. सवलत या बचतीपेक्षा कमी असेल तरच तिला अर्थ आहे. दुसऱ्याला १६० पेट्यांवर सवलत दिली, तर तो पुढच्या महिन्याचा माल आताच उचलतो. त्या महिन्याचा अहवाल उत्तम दिसतो, पुढच्या महिन्यात तो ग्राहक गायब होतो, आणि कधीकधी त्याला ‘सुटत चाललेला ग्राहक’ समजून आणखी एक सवलत दिली जाते! त्याच्यासाठी, तो अद्याप घेत नसलेल्या मालगटावरची सवलत अधिक योग्य ठरते, कारण तिथे खरी नवी विक्री होण्याची शक्यता असते.

म्हणून सवलतीचा परिणाम त्याच आठवड्यात मोजू नये. त्या ग्राहकाच्या नेहमीच्या अंतराच्या किमान दोन-तीन पट कालावधीची एकूण खरेदी पाहावी आणि तिची तुलना त्याच गटातील सवलत न दिलेल्या काही ग्राहकांशी करावी. ग्राहक सुटतो आहे का, हेही सरसकट ‘३० दिवस खरेदी नाही’ अशा नियमाने ठरवू नये. आठवड्याला येणाऱ्यासाठी ३० दिवस फार उशिराचा इशारा आहे, तर महिन्याने येणाऱ्यासाठी तो इशाराच नाही.

या सगळ्याआधी नोंदी नीट कराव्या लागतात, आणि माझ्या मते बहुतेक गट इथेच चुकतात. एकच मागणी माल अपुरा असल्याने दोन खेपांत गेली, तर दोन बिले तयार होतात. वारंवारता दुप्पट आणि आकार निम्मा दिसतो. म्हणून बिलांऐवजी मागणीच्या तारखेवर मोजावे आणि परत आलेला माल मूळ मागणीतूनच वजा करावा. किमान मागणीची अट असेल, तर मागण्यांचे आकार त्या अटीच्या किंचित वर दाटीने जमलेले दिसतात. त्या दाटीतले ग्राहक सारखे असतीलच असे नाही. अटीमुळे ते तसे दिसतात, आणि त्यांना वेगळे करायला दोन मागण्यांमधले अंतरच उपयोगी पडते.